मुकुट बसतो ती फ्रेम

नमस्कार मंडळी. चॅनलची ओळख म्हणून सुरुवातीला लोगो हलतो, एक ठोका वाजतो आणि कार्यक्रम सुरू होतो. त्या दोन-चार सेकंदांना आमच्या धंद्यात स्टिंग म्हणतात. आज मी असं एकच स्टिंग तुमच्यापुढे उलगडणार आहे, आणि त्यातही बहुतेक वेळ एकाच फ्रेमबद्दल बोलणार आहे.

माझा मामेभाऊ कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावताराची नाटकं चित्रित करत गावोगाव फिरतो. त्याच्या चॅनलचा लोगो साधा आहे. चॅनलचं नाव आणि त्यातल्या पहिल्या अक्षरावर राजाचा मुकुट, एवढाच. कल्पना त्याचीच होती. अंधारात समई उजळावी तशी अक्षरं दिसावीत, वरून मुकुट पडून अक्षरावर बसावा आणि त्याच क्षणी मृदंगावर थाप आणि झांज. एकूण लांबी 3 सेकंद. आम्ही सेकंदाला 25 फ्रेम धरतो, म्हणजे सगळा खेळ 75 फ्रेमचा. पहिल्या 22 फ्रेमांत उजेड येतो, पुढच्या 8 फ्रेमांत मुकुट पडतो, 30व्या फ्रेमला बसतो. उरलेला वेळ नाव वाचायला. तो वेळ कमी करायचा मोह टाळा. मुकुट बसेपर्यंत नजर मुकुटावरच असते, नाव माणूस त्यानंतरच वाचतो.

पहिला खर्डा बघितला आणि भाऊ म्हणाला, ''मुकुट बसल्यासारो वाटणा नाय, कोणी हळूच आणून ठेवल्यासारो वाटता.'' आम्ही आवाज वाढवला. मृदंगाच्या थापेवर आणखी एक थाप चढवली. तरीही तेच. दोष आवाजात नव्हताच, तो चित्राच्या वेगात होता.

अ‍ॅनिमेशन शिकताना पहिली सवय लागते ती आफ्टर इफेक्ट्समध्ये हालचालीच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण, म्हणजे दोन्ही कीफ्रेम, निवडून Easy Ease दाबायची. त्याने हालचाल गुळगुळीत होते, पण हळू सुरू होऊन हळूच थांबते. आमचा मुकुट 600 पिक्सेल खाली येत होता. त्या गुळगुळीत वळणावर शेवटच्या एका फ्रेममध्ये तो जेमतेम 26 पिक्सेल सरकत होता. खरी पडणारी वस्तू मात्र खाली येईल तसा वेग घेत जाते. नारळ झाडावरून सुटतो तेव्हा जमिनीजवळ त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. तसं पडायला लावलं की त्याच शेवटच्या फ्रेममध्ये मुकुट सुमारे 140 पिक्सेल येतो, आणि पुढच्या फ्रेमला एकदम थांबतो. ठोका तिथे जन्मतो. ग्राफ एडिटर उघडून वेगाची रेघ पाहा. ती आघातापर्यंत चढत जाऊन तिथे कड्यासारखी तुटली पाहिजे. टेकडीसारखी उतरत असेल, तर कुठलाही आवाज लावा, थाप लागणार नाही.

थांबल्यावर अक्षराने वजन घेतलेलं दिसलं पाहिजे. आम्ही 30व्या फ्रेमपासून दोन फ्रेममध्ये अक्षर थोडं दाबलं आणि सहा फ्रेममध्ये परत वर आणलं. मुकुट त्याच्याबरोबर खालीवर होतो. आणखी उसळी दिली तर मुकुट रबराचा वाटतो. देवादिकांचा मुकुट आहे, त्याला उसळी शोभत नाही.

आता आवाज. मृदंग वाजवणारे काका आमच्या ओळखीचे. त्यांच्या पडवीत आम्ही रेकॉर्डिंग केलं आणि घरी येऊन ऐकलं, तर थापेआधीच्या शांततेत समुद्राची गाज. किनाऱ्यावरच्या घरात राहणाऱ्याला ती ऐकूच येत नाही, कान सरावलेले असतात. पण आवाजाची फाईल संपली की गाजही कापल्यासारखी बंद होते, आणि ते लगेच खटकतं. दुसऱ्या खेपेला माजघरात, दारं लावून, दोरीवर गोधड्या टाकून रेकॉर्डिंग केलं.

मग जुळवणी. फाईल 30व्या फ्रेमवर ठेवली, तरी थाप मागे राहिल्यासारखी वाटे. आवाजाचा आलेख, म्हणजे वेव्हफॉर्म, मोठा करून बघितला. सुरुवातीलाच तीन फ्रेमची, म्हणजे 120 मिलिसेकंदांची शांतता होती. फाईलची सुरुवात आणि थापेची सुरुवात या दोन वेगळ्या गोष्टी. जुळवायची ती थाप, रेघ जिथे उभी चढते तो बिंदू. शिवाय एमपी3 करताना सुरुवातीला थोडी मोकळी जागा आपोआप भरली जाते, म्हणून काम संपेपर्यंत वेव्ह फाईलच वापरा, 48 किलोहर्ट्झची.

जुळणी थोडी चुकलीच तर कुठल्या बाजूला चुकावी? उशिराच्या. खाडीच्या पलीकडे कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी दिसते, आवाज मागून येतो. एका फ्रेमच्या 40 मिलिसेकंदांत आवाज सुमारे 14 मीटर जातो. त्यामुळे थोडा मागे पडलेला आवाज आपल्याला जन्मापासून ओळखीचा आहे. आधी आलेला आवाज निसर्गात कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हाच फरक आहे. आवाज साधारण 45 मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, मागे पडलेला मात्र 125 पर्यंत खपून जातो. पण खपणं वेगळं आणि ठोका बसणं वेगळं. आमची तीन फ्रेमची चूक त्या मर्यादेत बसत होती, तरी थाप ढिली लागत होती. आणि ही तपासणी ब्लूटूथच्या हेडफोनवर कधीही करू नका. त्याचा स्वतःचाच उशीर याहून मोठा असू शकतो. तारेचा हेडफोन घ्या.

थापेआधी काय, हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. आम्ही झांजेचा आवाज उलटा फिरवला. उलटी झांज बारीक सुरू होऊन फुगत जाते, मुकुट खाली येतो तशी. पण ती थेट थापेला भिडवली तर थाप तिच्यातच बुडते. म्हणून उलटी झांज 28व्या फ्रेमला कापली. दोन फ्रेम पूर्ण शांतता, मग थाप. ती शांतता वेगळी ऐकू येत नाही. पण काढून बघा, थाप लगेच बारीक होते.

शेवटची अडचण मोबाईलची. स्पीकरवर घुमणारी थाप फोनवर टिचकीसारखी वाजली. मृदंगाच्या डाव्या, कणीक लावलेल्या पुडीचा घुमार खालच्या पट्टीतला असतो, आणि फोनचा इवलासा स्पीकर तो काढूच शकत नाही. बेस वाढवून उपयोग नाही. आम्ही काकांना दोन्ही हातांची थाप एकदम मारायला सांगितली. उजव्या, शाईच्या पुडीचा टणकार फोनवर नीट येतो. डाव्या पुडीच्या आवाजाला किंचित सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला हलकासा खरखरीतपणा, दिलं, त्यामुळे वरचे स्वर तयार होतात आणि कान खालचा स्वर त्यावरून ओळखतो.

स्टिंग पारदर्शक पार्श्वभूमीसह प्रोरेस 4444 या व्हिडिओच्या प्रकारात काढलं, कारण नेहमीच्या एच.264 प्रकारात पारदर्शकता राहत नाही. आवाज मात्र वेगळा ठेवला. चित्र 75व्या फ्रेमला संपतं, झांजेची आस आणखी सेकंदभर चालते. भाऊ ती पुढच्या दृश्यावर तशीच वाहू देतो. देवळासमोरचा मांड दिसू लागतो, पायपेटीचा पहिला सूर येतो, आणि तोवर झांज विरत असते.