मोतद्दाराचे गाणे कोणी ऐकले?

[दृश्य: कळवा पुलावरून खाडी. कॅमेरा वळून मध्यवर्ती कारागृहाच्या दगडी तटावर स्थिरावतो.]

ठाण्याच्या खाडीलगत उभा असलेला हा तट आज कारागृहाचा म्हणून ओळखला जात असला, तरी मुळात हा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला आहे. तो 1737 साली मराठ्यांनी जिंकला आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. याच तटाआड 1815 साली इंग्रजांनी एक बडा कैदी आणून ठेवला. त्याचे नाव त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा तो अत्यंत विश्वासू कारभारी होता. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, त्यामागे त्रिंबकजीच आहे असे पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन यांचे मत बनले आणि पेशव्यांना आपला माणूस इंग्रजांच्या हवाली करावा लागला.

12 सप्टेंबर 1816 च्या रात्री त्रिंबकजी या किल्ल्यातून निसटला.

[दृश्य: तटाच्या बाहेरील रस्ता, पावसात भिजणारा दगड.]

या सुटकेची एक गोष्ट ठाण्याच्या इतिहासावरील लिखाणात पुन्हा पुन्हा भेटते. कैद्याला एतद्देशीय शिपायांनी मदत करू नये म्हणून पहाऱ्यावर केवळ गोरे सैनिक नेमले होते. त्याच किल्ल्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीस होता. धन्याचा घोडा फिरवण्याच्या निमित्ताने तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून ये-जा करी आणि सहज गुणगुणल्यासारखे गात गात बाहेरचा निरोप आत पोहोचवी. पहारेकऱ्यांना मराठी येत नसल्याने त्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. गोष्ट इतकी चित्रमय आहे की ती खरी असावी असे कोणालाही वाटेल, आणि म्हणूनच ती तपासायला हवी.

[दृश्य: शाळेच्या ग्रंथालयातील टेबल. जुन्या छापील ग्रंथांच्या प्रती, त्यांवर वाकलेले नववीचे विद्यार्थी.]

तपासणीची सुरुवात विद्यार्थ्यांनी एका साध्या कोष्टकापासून केली. ही हकिगत कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि घटना घडली तेव्हा लिहिणारा कोठे होता, असे त्याचे तीन रकाने होते. पहिल्या ओळीत आले ग्रँट डफ. त्यांचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली, म्हणजे घटनेनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. ते कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होते, पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास रेसिडेंट होते आणि एल्फिन्स्टन यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. प्रत्यक्ष साक्षीदार नव्हेत, परंतु साक्षीदारांना आणि सरकारी दप्तराला जवळचे. मोतद्दाराने गाण्यातून निरोप दिला असे ते लिहितात, मात्र गाण्याचे शब्द देत नाहीत.

दुसऱ्या ओळीत आले बिशप रेजिनाल्ड हेबर. ते 1825 साली ठाण्यास आले आणि येथील नव्या चर्चचा अर्पणविधी त्यांच्या हस्ते झाला. त्यांचे प्रवासवर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, 1828 साली छापले गेले. गाण्याचे शब्द भेटतात ते या पुस्तकात, आणि तेही इंग्रजीत. झुडपाआड तिरंदाज दडले आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे. पंचावन्न घोडे आहेत आणि माणसे चोपन्नच. पंचावन्नावा स्वार घोड्यावर चढला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील, असा त्या ओळींचा आशय आहे.

[दृश्य: विद्यार्थिनी बोटाने इंग्रजी ओळी दाखवते. जवळून दृश्य.]

येथे वर्गात जी चर्चा झाली, ती या चित्रपटातील आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. एका विद्यार्थिनीने विचारले की पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते, तर मग ते शब्द लक्षात कोणी ठेवले? प्रश्न बिनतोड आहे. गाण्याचा अर्थ जाणणारे लोक त्या आवारात दोनच असल्याचे ही गोष्ट सांगते, एक गाणारा आणि दुसरा ऐकणारा कैदी. पैकी एकानेही लिहून ठेवलेला कागद आपल्यासमोर नाही. हेबर यांनी ठाण्यास येण्यापूर्वी, 1824 साली, त्रिंबकजीला चुनारच्या किल्ल्यात पाहिले होते हे खरे, कारण तो पुन्हा पकडला जाऊन तेथे कैदेत होता. परंतु कैद्याला पाहणे आणि त्याच्या तोंडून ही हकिगत ऐकणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. शिवाय त्या ओळी इंग्रजीत नीटस यमक जुळवून येतात. निरोप सांगणाऱ्या मोतद्दाराचे मराठी शब्द जसेच्या तसे उतरवले असते, तर ते इंग्रजी यमकात इतक्या सफाईने बसले नसते. निदान घडण तरी हेबर यांची आहे, असेच मानावे लागते. बंदुकांच्या काळात तिरंदाज कशासाठी, ही शंका एका विद्यार्थ्याने काढली. ती आम्ही नोंदवून ठेवली, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण तिरकमठा वापरणारे लोक या डोंगराळ भागात होतेच.

मग हेबर यांचे पुस्तक प्राथमिक साधन म्हणायचे की दुय्यम? उत्तर आपण काय विचारतो यावर ठरते. 1825 साली ठाण्यात आलेल्या इंग्रज पाहुण्याला सुटकेची कोणती गोष्ट ऐकवली जात होती, असा प्रश्न असेल तर ते अस्सल प्राथमिक साधन आहे. 1816 साली खिडकीखाली काय गायले गेले, असा प्रश्न असेल तर तेच पुस्तक नऊ वर्षांनंतरचे ऐकीव साधन ठरते. पुस्तक जुने आहे, पान पिवळे आहे, एवढ्याने साधन प्राथमिक होत नाही.

[दृश्य: गॅझेटिअरचे मुखपृष्ठ, पाने उलटताना.]

कोष्टकात पुढे 1882 चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर आले आणि त्यानंतरची कितीतरी पुस्तके. आरंभी मुलांनी प्रत्येकाला एकेक साक्षीदार धरले आणि आकडा मोठा झाला. नंतर प्रत्येक पुस्तकाने माहिती कोठून घेतली हे बाणांनी दाखवायला सांगितल्यावर बहुतेक बाण पुन्हा डफ आणि हेबर यांच्याकडेच वळले. एकाच विहिरीतून दहा घागरी भरल्या म्हणून विहिरी दहा होत नाहीत.

[दृश्य: मोडी कागदावरून फिरणारे भिंग.]

घटनेच्या सर्वांत जवळचे लिखाण म्हणजे त्या दिवसांतील सरकारी पत्रव्यवहार. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली अनेक खंडांत छापला गेला असून तो ग्रंथालयांतून पाहता येतो. पेशवे दप्तराचे मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. ते वाचणारे हात आज थोडे आहेत, हे येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पेशव्यांच्या बाजूचा एखादा कागद बोलू लागला तर तो मोडीतच बोलेल.

तरीही जवळचा कागद म्हणजे निर्मळ कागद नव्हे. कैदी निसटल्यावर पहाऱ्याचा अधिकारी वरिष्ठांना जे लिहील, त्यात त्याची स्वतःची कातडी वाचवण्याची धडपड असणारच. ‘आमच्या शिपायांना मराठी येत नव्हते’ हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून खरे असू शकते आणि सबब म्हणूनही उपयोगी पडते. अशा वेळी लिहिणाऱ्याला गैरसोयीचे असूनही त्याने मान्य केलेले तपशील अधिक भरवशाचे धरावेत. कैदी आपल्या पहाऱ्यातून पळाला, ही कबुली इंग्रजांना मुळीच भूषणावह नव्हती. म्हणून तेवढी गोष्ट पक्की.

[दृश्य: फळ्यावर विद्यार्थ्यांनी लिहिलेला निष्कर्ष.]

मुलांनी अखेरीस तीन पायऱ्या केल्या. सुटका आणि तिची तारीख निश्चित. मोतद्दाराचा हात संभवनीय, कारण दप्तराजवळचे डफ तो सांगतात, पण मूळ पत्रांशी पडताळा बाकी. गाण्याचे शब्द मात्र हेबर यांच्या नावावर, मोतद्दाराच्या नाही. या सुटकेनंतर पेशवे आणि इंग्रज यांच्यातील तेढ वाढत गेली आणि 1818 मध्ये पेशवाई संपली. पुढच्या आठवड्यात हे विद्यार्थी रेसिडेन्सीच्या छापील खंडांत सप्टेंबर 1816 ची पत्रे शोधणार आहेत. मोतद्दाराचा उल्लेख सर्वांत आधी कोणत्या तारखेच्या पत्रात येतो, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे.