एकरकमी की आजन्म पेन्शन? बरोबरीचा दर आणि बरोबरीचं वय

निवृत्तीच्या आधी एक फॉर्म हातात येतो. त्यात दोन चौकोन असतात: सगळी रक्कम आत्ता एकदम घ्या, किंवा जिवंत असेपर्यंत ठरावीक पेन्शन घ्या. एकदा खूण केली की सहसा ती बदलता येत नाही. विमागणिती म्हणून मी नोकरीभर याच प्रकारची गणितं केली, तरी जवळच्या माणसांनी असा फॉर्म पुढे ठेवला की मला आजही सावकाश बसून आकडे मांडावे लागतात. आज ते तुमच्यासमोर मांडतो.

एक उदाहरण घेऊ. वय 60. एकरकमी मिळतात 20 लाख, किंवा आजन्म वर्षाला दीड लाख. पेन्शन वाढणार नाही आणि मृत्यूबरोबर थांबेल. सोपेपणासाठी ती दरवर्षाच्या शेवटी मिळते असं धरू. प्रत्यक्षात महिन्याला मिळते, त्यामुळे पुढचे दर किंचित वर सरकतील.

बहुतेक जण 20 लाखांना दीड लाखाने भागतात. उत्तर येतं 13 वर्षं 4 महिने. मग म्हणतात, ‘त्र्याहत्तरी गाठली की पेन्शन फायद्याची.’ या भागाकारात व्याजदर शून्य धरलेला असतो. हातात आलेले 20 लाख तेरा वर्षं नुसते कपाटात पडून राहतील, असं मानल्यासारखं ते होतं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: मी अमुक वर्षं जगलो, तर कोणत्या व्याजदराने या पेन्शनच्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत बरोबर 20 लाख होते? तो झाला बरोबरीचा दर. तुमची रक्कम त्याहून जास्त दराने खात्रीशीर वाढू शकत असेल तर एकरकमी बरी, कमी दराने वाढत असेल तर पेन्शन बरी. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
=RATE(20,150000,-2000000)
=NPER(5%,150000,-2000000)
```

पहिली ओळ सांगते, वीस वर्षं जगलात तर बरोबरीचा दर सुमारे 4.2 टक्के. पंधरा वर्षंच जगलात तर तो जेमतेम दीड टक्का, पंचवीस वर्षांना 5.6 आणि तीस वर्षांना 6.3. कितीही जगलात तरी तो साडेसात टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण 20 लाखांचं साडेसात टक्के व्याजच दीड लाख होतं. इतका दर कायमचा आणि जोखमीशिवाय मिळणार असेल, तर मुद्दलाला हात न लावता तुम्ही पेन्शनएवढी रक्कम काढू शकाल.

दुसरी ओळ प्रश्न उलटा करते. माझा व्याजदर ठरला, तर किती जगल्यावर बरोबरी? 4 टक्क्यांना 19.4 वर्षं, 5 टक्क्यांना 22.5, 6 टक्क्यांना 27.6. आणि 7 टक्क्यांना? थेट 40 वर्षं, म्हणजे वयाची शंभरी. 6 आणि 7 टक्क्यांमधलं अंतर पाहा. दरात एकाच टक्क्याचा फरक पडला आणि उत्तर बारा वर्षांनी पुढे गेलं. म्हणूनच कुणी छातीठोकपणे ‘ब्याऐंशीव्या वर्षी बरोबरी’ म्हणालं, की मी आधी विचारतो, दर कोणता धरलात? शेअर बाजारात मिळेलसा वाटणारा परतावा इथे धरू नये. पेन्शनचं देणं खात्रीचं आहे, तर तुलनाही तितक्याच खात्रीच्या ठेवीशी किंवा रोख्याशी, आणि कर वजा करून, व्हायला हवी.

महागाईचीही इथे एक गल्लत होते. पेन्शन महागाईप्रमाणे वाढणारी असेल, तर वरचे सगळे दर महागाई वजा केलेले, म्हणजे खरे दर म्हणून वाचायचे. वीस वर्षांचा 4.2 टक्के मग महागाईच्या वर 4.2 टक्के होतो, आणि जोखमीशिवाय तेवढा मिळवणं अवघड आहे. न वाढणाऱ्या पेन्शनला महागाईवजा दर लावणं, किंवा वाढणाऱ्या पेन्शनला बँकेचा छापील दर लावणं, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक.

आता आयुष्याकडे वळू. जीवनसारणीतलं, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण जिवंत राहतात ते सांगणाऱ्या तक्त्यातलं, जन्मवेळचं सरासरी आयुर्मान इथे कामाचं नाही, कारण त्यात बालपणी आणि तरुणपणी गेलेलेही मोजलेले असतात. साठीला पोहोचलेल्यांची पुढची सरासरी वर्षं पाहायची. समजा ती 20 आहेत. ते 20 सरळ सूत्रात घातले की झालं, असं वाटतं, पण इथे गणित आपल्याला फसवतं.

अगदी ढोबळ कल्पना करा. निम्मे लोक 10 वर्षं जगतात, निम्मे 30. सरासरी 20 च. 5 टक्क्यांनी दहा वर्षांच्या पेन्शनची आजची किंमत सुमारे 11.6 लाख, तीस वर्षांची 23.1 लाख, सरासरी 17.3 लाख. पण सगळे नेमके वीस वर्षं जगले असं धरलं, तर किंमत येते 18.7 लाख. सव्वा लाखाहून जास्त फरक, तोही केवळ सरासरी चुकीच्या जागी काढल्यामुळे. दूरच्या वर्षांचे हप्ते व्याजाने इतके झिजतात की जास्त जगणाऱ्याची भर ही लवकर जाणाऱ्याची तूट पुरी भरून काढत नाही. बरोबरीचा दरही 4.2 वरून साडेतीनवर येतो. हे ज्ञान जुनं आहे: डच राज्यकर्ता यान दे विट याने 1671 मध्ये आजन्म वार्षिकीची, म्हणजे अशाच पेन्शनची, किंमत काढताना आयुष्याची सरासरी न घेता, प्रत्येक शक्य आयुष्याची किंमत काढून मग त्यांची सरासरी घेतली. आपणही तेच करायचं: जीवनसारणीतून प्रत्येक वर्षी जिवंत असण्याची शक्यता घ्यायची, तिने त्या वर्षाचा हप्ता गुणायचा, आणि मग व्याजाने मागे आणायचा.

म्हणजे अचूक गणितात पेन्शन आधी वाटली त्यापेक्षा थोडी कमी भरते. तरीही एवढ्यावरून मी कुणाला एकरकमी घ्यायला सांगणार नाही.

1992 च्या सुमारास अमेरिकी सैन्य कमी करताना जाणाऱ्यांना असाच पर्याय दिला होता: एकरकमी किंवा ठरावीक वर्षं वार्षिक रक्कम. बरोबरीचा दर 17 टक्क्यांच्या वर होता. इतका परतावा खात्रीने कुठे मिळणार? तरीही निम्म्याहून अधिक अधिकाऱ्यांनी आणि 90 टक्क्यांहून अधिक साध्या सैनिकांनी एकरकमीच घेतली. काहींना कर्ज फेडायचं असेल, आणि कर्जाचा दर 18 टक्के असेल तर ती निवड चुकीची नव्हे. कर्जदारासाठी तुलनेचा दर तोच आहे. पण ज्याच्यावर कर्ज नाही, त्याने समोरच्या मोठ्या आकड्याची ओढ आणि दर यांत गल्लत करू नये.

शेवटी तो 22.5 वर्षांचा आकडा पुन्हा पाहू. त्याचा आणखी एक अर्थ आहे. 20 लाख घेऊन 5 टक्क्यांनी ठेवलेत आणि दरवर्षी स्वतःलाच दीड लाख देत गेलात, तर ती रक्कम नेमकी तेव्हाच संपते, साडेब्याऐंशीव्या वर्षी. म्हणून जीवनसारणीत मी सरासरीच्या ओळीवर थांबत नाही. साठीच्या शंभर माणसांपैकी 83 व्या वाढदिवसाला किती जिवंत असतात, ते वाचतो; नवरा-बायको दोघं असतील तर दोघांपैकी निदान एक जण तेव्हा असण्याची शक्यता काढतो, ती नेहमीच एकट्याच्या शक्यतेपेक्षा जास्त निघते. मग फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला विचारतो, त्या वर्षी बँकेत शून्य असेल, तर घर कशावर चालेल? दुसरं उत्पन्न किंवा दुसरी पेन्शन असेल तर आपण पुन्हा दराकडे वळतो. नसेल, तर सूत्राने एकरकमीपेक्षा कमी किमतीची ठरवलेली पेन्शनच मी त्याला घ्यायला सांगतो. किमतीतली ती तूट 83 नंतरच्या वर्षांच्या विम्याचा हप्ता आहे.