बेरजेला ५ ने भाग जाणारे उपसंच : एकाच्या मुळांची चाळणी

[पडद्यावर १ ते १० हे अंक]

१ ते १० या संख्यांमधून हव्या तेवढ्या उचलायच्या, बाकीच्या सोडायच्या. रिकामा संच धरून असे १०२४ उपसंच होतात. यांपैकी किती उपसंचांच्या बेरजेला ५ ने नि:शेष भाग जातो?

५ ने भागल्यावर बाकी पाच प्रकारची उरू शकते, म्हणून पहिला अंदाज १०२४ चा पाचवा हिस्सा, म्हणजे २०४.८. खरे उत्तर आहे २०८. अंदाजापेक्षा हे ३.२ जास्तीचे कुठून आले, तेच आपल्याला शोधायचे आहे.

[पडद्यावर]

`P(x) = (1+x)(1+x^2)(1+x^3)...(1+x^10)`

ही बहुपदी नीट पाहा. गुणाकार उलगडताना प्रत्येक कंसातून दोनपैकी एक पद घ्यावे लागते. १ घेतला तर ती संख्या सोडली, x चा घात घेतला तर ती संख्या उचलली. घातांकांची बेरीज आपोआप होते. त्यामुळे x च्या १५व्या घाताचा सहगुणक म्हणजे बेरीज १५ येणाऱ्या उपसंचांची संख्या. आपल्याला ०, ५, १०, असे ५५ पर्यंतच्या घातांकांचेच सहगुणक हवे आहेत. बाकीचे गाळायचे.

x च्या जागी १ ठेवला, तर सगळे सहगुणक एकत्र येतात : १०२४. गाळण्यासाठी वेगळ्या किमती लागतात, आणि त्या मिळतात संमिश्र संख्यांमध्ये. अकरावीला एकाची घनमुळे शिकवतात. इथे एकाची पाचवी मुळे घ्यायची. एकक वर्तुळावर ७२-७२ अंशांच्या अंतराने ठेवलेले हे पाच बिंदू. १ नंतरच्या पहिल्या बिंदूला ओमेगा म्हणू, सूत्रांत तो `w` असा लिहू. ओमेगाचा पाचवा घात १, आणि पाचही मुळांची बेरीज शून्य.

सगळे काम एवढ्यावरच होते. घातांक ५ च्या पटीत असेल, तर पाचही मुळे त्या घाताला १ देतात आणि बेरीज ५ होते. तो ५ च्या पटीत नसेल, तर तीच पाच मुळे फक्त क्रम बदलून परत येतात आणि बेरीज शून्य होते. म्हणून बहुपदीत पाचही मुळे एकेक करून ठेवायची, उत्तरांची बेरीज करायची आणि ५ ने भागायचे. नको असलेले सहगुणक चाळणीतून गळून जातात. मालिकेतली ठरावीक अंतरावरची पदे अशा तऱ्हेने वेगळी काढण्याची कल्पना इंग्लंडच्या थॉमस सिम्पसन यांनी १७५०च्या दशकातच मांडली होती. सिम्पसनच्या नियमामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेले तेच हे सिम्पसन.

आता ओमेगा ठेवल्यावर गुणाकार किती येतो ते काढू.

[पडद्यावर]

`z^5 - 1 = (z-1)(z-w)(z-w^2)(z-w^3)(z-w^4)`

यात z च्या जागी उणे १ ठेवा. डावीकडे उणे २ येतात. उजवीकडे पाचही कंसांतून उणे चिन्ह बाहेर काढले की उरतो `(1+1)(1+w)(1+w^2)(1+w^3)(1+w^4)`, आणि त्याची किंमत २ ठरते. १ ते ५ या संख्यांचे पाच कंस हेच आहेत; ६ ते १० मध्ये तेच पुन्हा येतात. म्हणून P(w) म्हणजे २ चा वर्ग, ४. उरलेल्या तीन मुळांनाही हेच लागू पडते, कारण ५ मूळ संख्या असल्याने त्यांचे घातही पाचही बिंदूंवरून फिरतात.

`(1024 + 4*4) / 5 = 208`

जास्तीचे ३.२ म्हणजे हेच १६ भागिले ५.

संख्या १० ऐवजी १२ असतील तर? शेवटचे दोन कंस जोडीविना उरतात आणि प्रत्येक मुळासाठी त्यांची किंमत वेगळी येते. अशा वेळी चारही मुळांवर तीच किंमत धरणे ही चूक. उरलेला गुणाकार `(1+w)(1+w^2)` उलगडला तर `1+w+w^2+w^3`, म्हणजेच `-w^4`. चारही मुळांवर त्याची बेरीज १ येते. त्याला आधीचा ४ गुणायचा, आणि उत्तर मिळते `(4096 + 4) / 5 = 820`.

खरा घोळ होतो भाजक मूळ संख्या नसेल तेव्हा. १ ते १२ मधून बेरजेला ६ ने भाग जाणारे उपसंच मोजायचे आहेत. पाचाच्या सूत्रावरून पटकन कोणी लिहील : पाच मुळे, प्रत्येकी २ चा वर्ग, म्हणजे `(4096 + 5*4) / 6 = 686`. उत्तर पूर्णांक आले, म्हणून संशयही येत नाही. पण ते चूक आहे.

एकाची सहावी मुळे एकसारखी नसतात. प्रत्येक मुळाचा किमान कितवा घात १ होतो, ते पाहावे लागते. उणे १ चा दुसरा. आणखी दोन मुळांचा तिसरा. उरलेल्या दोघांचा थेट सहावा. हा आकडा सम असेल, तर त्या मुळाचा कुठला तरी घात उणे १ होतो, एक कंस शून्य होतो आणि अख्खा गुणाकार संपतो. विषम असेल, तर तेवढ्या सलग कंसांचा गुणाकार २. म्हणजे उरली फक्त तिसऱ्या घातवाली दोन मुळे. त्यांच्यासाठी बारा कंसांचे तीन-तीनचे चार गट पडतात, प्रत्येकी २ चा चौथा घात, १६.

`(4096 + 2*16) / 6 = 688`

पडताळा घ्यायला बाक्यांची यादी ठेवणारा एवढा प्रोग्रॅम पुरतो.

```python
m, n = 6, 12
c = [1] + [0]*(m-1)
for k in range(1, n+1):
    c = [c[r] + c[(r-k) % m] for r in range(m)]
print(c[0])
```

हा ६८८ च छापतो. ओमेगाची किंमत दशांशात घेऊन चाळणी चालवण्यापेक्षा हे बरे. साध्या दशांश प्रकारात २ च्या ५३व्या घातापुढचे सगळे पूर्णांक अचूक मावत नाहीत. १ ते ६० घेतले तरी उत्तराचे शेवटचे आकडे बिघडू शकतात, आणि पडद्यावर ते पूर्णांकासारखेच दिसते. संचातल्या संख्या वेड्यावाकड्या असतील, तर गुणाकाराला असे सुटसुटीत रूपही मिळत नाही. तिथेही हाच प्रोग्रॅम कामाला येतो; `k` ला त्या संख्या द्यायच्या.

[पडद्यावर : टोरांटो, १९९५]

१९९५ साली कॅनडात टोरांटोला झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा सहावा प्रश्न याच चाळणीतून सुटतो. p ही विषम मूळ संख्या. १ ते 2p मधून नेमक्या p संख्या निवडायच्या आणि त्यांच्या बेरजेला p ने भाग गेला पाहिजे. किती संख्या उचलल्या हेही मोजायचे असल्याने कंसात दुसरे चल येते : `(1 + y*x^k)`. x च्या जागी १ सोडून दुसरे कुठलेही मूळ ठेवले की p सलग कंसांचा गुणाकार `1 + y^p` होतो. असे दोन गट, म्हणून त्याचा वर्ग, आणि त्यात `y^p` चा सहगुणक २. p म्हणजे ५ घेतला तर `(252 + 4*2) / 5 = 52`.

यातले २ हाताने दाखवता येतात. निवडीतल्या १ ते ५ मधल्या संख्या एकेक घर पुढे सरकवा, ५ नंतर पुन्हा १. त्यांची संख्या १ ते ४ च्या दरम्यान असेल, तर पाच सरकवण्यांत पाचही बाक्या एकेकदा येतात. अशा २५० निवडींचे ५० गट पडतात आणि प्रत्येक गटातली एकच निवड चालते. सरकवून न बदलणाऱ्या निवडी दोनच : १ ते ५, आणि ६ ते १०. दोघींच्या बेरजेला ५ ने भाग जातो. ५० अधिक २, बावन्न.

p विषमच हवा. p ला २ घेतले तर गुणाकार `1 - y^2` होतो, सहगुणक उणे २, आणि `(6 - 2) / 2` म्हणजे २ निवडी मिळतात : १ व ३, २ व ४. विषम p चे सूत्र तिथे ४ सांगेल.