फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरची ती सरकपट्टी

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, चहा झाला का? आज जरा फ्रिज उघडून बसूया. म्हणजे खरोखर उघडा, रेडिओ स्वयंपाकघरातच असेल तर चांगलंच. सगळ्यात खाली भाजीचा ड्रॉवर असतो बघा, क्रिस्पर म्हणतात त्याला, त्याच्या पुढच्या काठाला नाहीतर वरच्या झाकणाला एक छोटी सरकपट्टी असते, एका टोकाला पानाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सफरचंदाचं, किंवा नुसतं हाय आणि लो लिहिलेलं. बहुतेक घरात ती दुकानातनं आली तेव्हा जिथं होती तिथंच अजून आहे. पोरं खेळता खेळता सरकवतात तेवढीच काय ती हलते.

आता ही पट्टी करते काय? थंडी कमीजास्त करत नाही, हे आधी डोक्यात घ्या. ती फक्त एक फट उघडते आणि बंद करते. फट बंद केली की ड्रॉवरमधली ओल आतच राहते, उघडली की बाहेर जाते, संपलं. आणि ही ओल काय फ्रिज तयार करत नाही बरं का, ती भाजीच सोडते. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक, सगळ्या पालेभाज्या तोडल्यावर पण श्वास घेत असतात आणि पानातनं पाणी सोडत राहतात. पावसात काचा लावलेल्या एसटीत कसं सगळ्यांच्या श्वासानं आत दमट होतं, तसंच हे. म्हणून मोठ्या ड्रॉवरमध्ये एकच पेंडी टाकली आणि पट्टी हाय वर सरकवली तर फारसा फायदा होत नाही, गाडी रिकामी आणि माणूस एकच, दमट कशानं होणार? ड्रॉवर निम्म्याच्या वर भरलेला असला की पट्टीचा उपयोग दिसतो.

पानाला पाहिजे थंडी आणि भरपूर ओल, म्हणून पालेभाजीला हाय, म्हणजे फट बंद. फळाची गोष्ट वेगळी. सफरचंद, पेरू, पिकलेला आंबा, पपई, चिक्कू ही फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात, डोळ्याला दिसत नाही, आपल्याला वास पण येत नाही, पण पानाला तो लगेच लागतो. पानातला हिरवा रंग मोडायला लागतो आणि पान पिवळं पडतं. म्हणून फळाला लो, म्हणजे फट उघडी, वायू पण जातो आणि जास्तीची ओल पण जाते, नाहीतर बुरशी धरते.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडं खरी अडचण काय, तर ड्रॉवर एकच असतो! दोन ड्रॉवरचे फ्रिज मोठे, आणि सगळ्यांच्यात नसतात. तर एकच ड्रॉवर असेल तर काय होतं ते एका घरचं सांगतो, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं घर, आमच्या ओळखीच्या वहिनी. दर रविवारी कपिलतीर्थ मंडईत जायचं आणि आठवड्याची भाजी एकदम आणायची. दोन पेंड्या मेथी, एक कोथिंबीर, एक किलो पेरू, अर्धा किलो सफरचंद, सगळं त्या एकाच ड्रॉवरमध्ये कोंबायचं, आणि पट्टी होती सफरचंदाच्या बाजूला, म्हणजे फट उघडी. बुधवारी ड्रॉवर उघडला की मेथी मऊ पडून लोळलेली आणि कोथिंबिरीची खालची पानं पिवळी. वहिनी म्हणायच्या बाजारातलीच भाजी शिळी देतात. भाजीवाल्या मावशींवर उगाच राग.

यात खरं तर दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. मऊ पडणं म्हणजे पाणी गेलं, फट उघडी होती म्हणून. पिवळं पडणं म्हणजे वायू लागला, शेजारी पेरू-सफरचंद होते म्हणून. तर वहिनींनी काय केलं, कुणीतरी सांगितलं म्हणून पट्टी हाय वर केली, फळं तिथंच. पुढच्या बुधवारी मेथी ताठ, एकदम मस्त, पण कोथिंबीर आधीपेक्षा जास्त पिवळी! असं का, तर फट बंद केल्यावर ओल जशी आत कोंडली तसा वायू पण आत कोंडला. पट्टीला काही वायू वेगळा आणि ओल वेगळी कळत नाही, ती दोन्हीला एकदमच अडवते नाहीतर सोडते.

उपाय साधा होता, ड्रॉवर पालेभाजीला द्यायचा आणि फळं वरच्या कप्प्यात उघड्या भांड्यात ठेवायची. तिथं हवा फिरते, वायू एका जागी साठत नाही, आणि ड्रॉवर बंद असल्यामुळं पानापर्यंत फारसा पोचत पण नाही. फळाची साल जाड असते, आठवडाभरात पेरू काय सुकून जात नाही. एकच ड्रॉवर असेल तर तो पानाचा, असा माझा तरी हिशोब आहे, कारण फळाला वरचा कप्पा चालतो, पानाला चालत नाही.

पण गोष्ट इथं संपली नाही, जुलै आला. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, मंडईत भाजी येते तीच भिजलेली, आणि वर ताजी दिसावी म्हणून पाणी मारतात ते वेगळंच. तशीच ओली पेंडी बंद फटीच्या ड्रॉवरमध्ये गेली की झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, ते थेंब पानावर पडतात, आणि दोन दिवसात पेंडीच्या मधोमध काळं, चिकट, वास मारणारं. म्हणजे बघा, हवेत ओल पाहिजे पण पानावर पाणी नको, यातला फरक मोठा आहे. थेंब दिसले की समजायचं ओल जास्त झाली, पट्टी जराशी उघडायची, मधे ठेवायची, काय बिघडत नाही, ती काय फक्त दोन टोकालाच चालते असं नाही.

आणि फ्रिजमध्ये टाकायच्या आधीचं काम त्याहून महत्त्वाचं. पेंडीची दोरी सोडायची, कारण बांधलेल्या जागी देठ चेंगरतात आणि सडायला सुरुवात तिथनंच होते. सडकी पानं काढून टाकायची. धुवायची नाही, धुवायची ती चिरायच्या आधी. ओली असेल तर कापडावर पसरून पंख्याखाली वरचं पाणी उडेपर्यंत ठेवायची, पण तिथंच विसरून टीव्ही बघत बसू नका, नाहीतर सुकून जाईल. मग कोरड्या सुती कापडात सैलसर गुंडाळायची, जुना पंचा चालतो, जुनी ओढणी चालते, कापड जास्तीचं पाणी ओढून घेतं. पेपरात गुंडाळायची सवय आपल्याकडं लई आहे, पण छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून सरकारची अन्नसुरक्षा संस्था एफएसएसएआय पण नको म्हणतेय, आणि घरात कापड असताना पेपर हवाय कशाला?

आता थंडीचं. फ्रिजमध्ये सगळीकडं सारखी थंडी नसते. एका दाराचा साधा फ्रिज, ज्यात बर्फ धरतो आणि आपण बटण दाबून वितळवतो, त्यात थंडी वरनं खाली उतरते, त्यामुळं बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे सगळ्यात गार आणि खालचा ड्रॉवर त्या मानानं उबदार. दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये आत पंखा असतो, गार हवा मागच्या भिंतीतल्या भोकातनं येते, तर त्या भोकासमोर सगळ्यात गार. आणि दोन्हीत दार सगळ्यात गरम, सारखं उघडतो ना आपण. दूध दारात ठेवायची पद्धत आहे पण खरं तर त्याची जागा आतल्या कप्प्यात.

पालेभाजी मागच्या भिंतीला चिकटून राहिली की गोठते, आणि हे ओळखायचं कसं तर पान गर्द हिरवं, काचेसारखं आरपार दिसतं आणि बाहेर काढल्यावर ओल्या फडक्यासारखं गळून पडतं. असं झालं तर पट्टीचा दोष नाही, थंडीचा नंबर जास्त आहे, एक दोन नंबर कमी करा. बहुतेक फ्रिजमध्ये नंबर मोठा म्हणजे थंडी जास्त, बरेच जण उलटं समजतात. एप्रिल मे मध्ये वाढवलेला नंबर पावसाळ्यात आणि थंडीत तसाच राहतो, तिथंच गडबड होते.

खात्री करायची असेल तर पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात ठेवा, त्यात किचनचा थर्मामीटर बुडवून रात्रभर राहू द्या, सकाळी दार उघडल्या उघडल्या बघा, 4 अंश किंवा त्याच्या आत पाहिजे, पण पाण्यावर बर्फाची साय धरायला नको. तापाचा थर्मामीटर नको हं, तो मुळात 35 च्या आसपास सुरू होतो, त्याला फ्रिज कळत नाही.

फळांचं अजून एक, सगळी फळं फ्रिजची नाहीतच. केळं आत ठेवलं की साल काळी पडते, त्याला 13 अंशाच्या खाली सोसत नाही. कच्चा आंबा आणि कच्ची पपई थंडीत पिकायची थांबतात आणि नंतर बाहेर काढली तरी नीट पिकत नाहीत, म्हणून आधी बाहेर पिकवायची, पिकल्यावर दोन चार दिवस फ्रिज. टोमॅटोचं पण तसंच, हिरवट असेल तर ओट्यावरच राहू दे. द्राक्षं आणि संत्री-मोसंबी वायू जवळजवळ सोडतच नाहीत, ती पानाला त्रास देत नाहीत, पण द्राक्षाचा एक मणी फुटला की घोसभर बुरशी पसरते, म्हणून ती वरच्या कप्प्यातच बरी.

वहिनींची मेथी आता चार दिवस चांगली टिकते, कोथिंबीर आठवडाभर, पण त्याच्या पुढं ओढत नाही, मेथी नाजूकच असते. मधे एखादी पेंडी मऊ पडलीच तर टाकू नका, देठाचं टोक कापून गार पाण्यात पंधरा वीस मिनिटं बुडवा, ताठ होते, कारण फक्त पाणीच गेलेलं असतं. पिवळ्या पानाला मात्र हा उपाय लागू पडत नाही, ते निवडून काढायचं.

आणि ज्यांच्या फ्रिजला पट्टीच नाही, जुना एका दाराचा आहे, नुसती काच ठेवलेला ड्रॉवर, त्यांनी मोठा स्टीलचा नाहीतर प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला कापड, वर भाजी, त्यावर कापड, झाकण ठेवा, पण गच्च लावू नका. झाकणाला आतनं थेंब आले तर ते थोडं सरकवा, भाजी मऊ पडली तर बंद करा. पट्टीचंच काम झाकण करतंय, फक्त हातानं.