‘सँड चेक करणे’

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय छापलाय तो असा: प्रशिक्षणार्थीने बैठकीत घेतलेल्या कच्च्या टिपणांवरून स्वच्छ सारांश आणि कामांची यादी कशी करावी. त्यावर बोलणार आहेच. पण आधी एका अक्षराबद्दल बोलू द्या, कारण वीस वर्षं फाउंड्रीत काढल्यावर माझी खात्री झालीय की आपल्या बैठकांचं निम्मं नुकसान ते एक अक्षर करतं. ते अक्षर म्हणजे ‘णे’.

करणे, पाहणे, विचारणे, पाठवणे. तुमच्यापैकी कोणाचीही डायरी उघडा, पानभर ‘णे’ सापडतील. आपल्या भाषेत क्रियापदाच्या शेपटीवरून माणूस कळतो. ‘करतो’ म्हटलं की एक जण समोर उभा राहतो, ‘करते’ म्हटलं की दुसरी, ‘करू’ म्हटलं की आपण सगळे. ‘करणे’ म्हटलं की खोली रिकामी. सरकारी कागदावर ‘कार्यवाही करण्यात यावी’ असतं ना, तेही त्याच घरातलं. कार्यवाही व्हावी, पण करणारा कोण ते वाक्यात कुठेच नाही.

हे मला कुठं कळलं ते सांगतो. जरा लांबेल, पण सगळं त्यातच आहे.

मी तेव्हा शिरोलीला एका फाउंड्रीत होतो. जुलै महिना, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. पंपाच्या बॉडीच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल यायला लागले. मशीनिंगला गेल्यावर पहिल्याच कटमध्ये भोकं उघडी पडायची. पुण्याच्या गिऱ्हाइकानं एक लॉट परत पाठवला. मंगळवारी दुपारी चारला सगळे जमले, नऊ माणसं. मोल्डिंग, कोअर शॉप, सँड लॅब, क्वालिटी, डिस्पॅच. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला आली होती. तिला कोणीतरी म्हणालं, “बाळ, तू लिहून घे.” काय लिहायचं, कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही.

तिचं पान मी जपून ठेवलंय. जसंच्या तसं वाचतो.

ब्लोहोल – परत. ११% (?)
सँड चेक करणे
साहेब म्हणाले कोअर ओली
कोअर शॉप – नाही, आमची बरोबर
व्हेंट वाढवणे – बघू
गिऱ्हाइकाला फोटो पाठवणे – शुक्रवार??
२० पीस ट्रायल
लायनिंग – नंतर बोलू

आठ ओळी. पाऊण तासाच्या गदारोळातून त्या मुलीनं आठ ओळी वाचवल्या, आणि मी सांगतो, त्या चांगल्या आहेत. जिथं तिला कळलं नाही तिथं तिनं प्रश्नचिन्ह टाकलंय. अख्ख्या पानावर सगळ्यात मोलाचं काही असेल तर ती प्रश्नचिन्हं.

पुढं काय झालं बघा. ते पान ऑफिसात गेलं. तिथं एकानं ते छान टाईप केलं. प्रश्नचिन्हं काढली, कारण ती बरी दिसत नाहीत. ‘कोअर ओली’चं झालं ‘कोअर ओली असल्याचे आढळले’. ‘व्हेंट वाढवणे – बघू’चं झालं ‘व्हेंट वाढविण्याचे ठरले’. ‘सँड चेक करणे’चं झालं ‘वाळूची तपासणी करण्यात यावी’. दोन पानांचा कागद नऊ जणांना मेलवर गेला. सुबक, शुद्धलेखनाची एक चूक नाही.

तीन आठवडे गेले. ब्लोहोल तिथंच.

मी सँड लॅबमध्ये गेलो, विचारलं, वाळू तपासायची ठरली होती, काय झालं? लॅबवाला रजिस्टर घेऊन आला. “सर, रोजच्या रोज तपासतोय की. सकाळी सातला मॉइश्चर, पर्मिएबिलिटी, स्ट्रेंग्थ. सगळं लिमिटमध्ये.” खरंच होतं. सकाळच्या नोंदी तीन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक चार टक्के. त्याच्या दृष्टीनं काम झालेलं होतं, बैठकीच्या आधीपासूनच होत होतं. मोल्डिंगवाल्याला विचारलं, तो म्हणाला, वाळू म्हणजे लॅबचं काम.

मग मी त्या मुलीला गाठलं. तिचं ट्रेनिंग संपत आलं होतं. पान समोर धरलं आणि विचारलं, “ही ओळ कोण म्हणालं, आठवतंय?” म्हणाली, “सर, मोल्डिंगचे काका म्हणाले. दुपारनंतर वाळू हाताला चिकटते म्हणाले. सकाळी मिक्सरवर नको, दुपारी मशीनपाशी चेक करा म्हणाले.”

एवढं वाक्य होतं ते! दुपारी, मशीनपाशी. त्याचं उरलं ‘चेक करणे’.

त्याच दिवशी तीन वाजता मोल्डिंग मशीनच्या हॉपरखालची वाळू घेतली. मॉइश्चर चार पूर्णांक तीन. नवी वाळू ज्या शेडमध्ये होती तिचा एक पत्रा गळत होता. सकाळची पाळी आदल्या दिवशीच्या वाळूवर चालायची, आणि दुपारपर्यंत ती भिजकी वाळू सिस्टिममध्ये यायची. पाणी जास्त झालं की ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, ती साच्यातून बाहेर पडायला वाट मिळाली नाही की धातूत शिरते. भोक तेच. पत्रा बदलायला अर्धा दिवस लागला. तीन आठवडे आम्ही कोअर शॉपवर संशय घेत बसलो होतो, का? तर ‘आढळले’ असं छापून आलं होतं. त्या माणसांनी ओव्हनचं तापमान वाढवून वाढवून चांगल्या कोअर करपवल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून मी म्हणतो, टिपण घेणाऱ्या पोराला दोष देऊ नका. तो ऐकतो ते लिहितो. कुठला शब्द महत्त्वाचा हे त्याला कळायला त्या धंद्यात दहा वर्षं जावी लागतात. नुकसान होतं ते कच्च्याचं पक्कं करताना.

बरं, आयोजक खूण करतायत, पंधरा मिनिटं उरलीत म्हणे. मग पद्धत भराभरा सांगतो. तेच पान घेऊ, आज ते माझ्यापुढं आलं असतं तर काय केलं असतं?

पहिलं म्हणजे एकट्यानं करायचं नाही. ज्यानं लिहिलं त्याला शेजारी बसवायचं, आणि त्याच दिवशी. तो बोलणार, मी लिहिणार. मूळ पानावर पेन चालवायचं नाही, सारांश वेगळ्या कागदावर. त्या मुलीला तीन आठवड्यांनी ‘दुपारी’ आठवलं हे आमचं नशीब. संध्याकाळी पाचला तिला ते नक्की आठवलं असतं, शिवाय आणखी चार गोष्टी आठवल्या असत्या.

मग प्रत्येक ओळीला विचारायचं, तू कोण? कळलेली गोष्ट आहेस, कोणाचं मत आहेस, ठरलेला निर्णय आहेस, की करायचं काम? ‘कोअर ओली’ हे मत. समोर कोअर शॉपचं उलट मत आहे, म्हणजे हा वाद आहे आणि तो सुटलेला नाही. सारांशात तो ‘न सुटलेले प्रश्न’ या मथळ्याखाली जातो: कोअर पुरेशी वाळते का, याबद्दल दोन मतं, मोजमाप झालेलं नाही. कोणी आवाज चढवला ते लिहायचं नाही. आणि ‘साहेब म्हणाले’ यातले साहेब कोण? त्या खोलीत चार साहेब होते. हे त्या पोरीलाच विचारायचं, तिला ठाऊक असतं.

‘११%’ ही कळलेली गोष्ट, पण अर्धी. कशाचे अकरा टक्के? मी नंतर शोधलं, तो त्या एका पार्टचा, एका आठवड्याच्या दुसऱ्या पाळीचा आकडा होता. दुसरी पाळी! तेवढं लिहिलं असतं तरी दुपारचा धागा हाती आला असता. सारांशात कुठलाही आकडा येताना कोणता माल, किती दिवस, कुठली पाळी हे सोबत घेऊन यायला हवा. कळलं नाही तर प्रश्नचिन्ह तसंच ठेवायचं आणि पुढं लिहायचं, क्वालिटीला विचारायचे. आपल्या मनानं भरायचं नाही.

‘बघू’ला तर फार जपायचं. ‘बघतो’ म्हणजे एका माणसानं अंगावर घेतलंय. ‘बघू’ म्हणजे कोणीच घेतलेलं नाही. ‘व्हेंट वाढवणे – बघू’ हा निर्णय नव्हे, ती लांबणीवर टाकलेली गोष्ट. तिला तसंच लिहा.

आता कामं. प्रत्येक ‘णे’ फोडायचा. कोण करणार, एकच माणूस, विभाग नाही. कधीपर्यंत, वाराबरोबर तारीख, कारण ‘शुक्रवार’ म्हणजे हा की पुढचा यावर आमच्याकडे भांडणं झालीत. आणि काम झालं हे कशावरून कळणार. हे तिसरं लोक सोडतात, आणि आम्ही बुडालो ते तिथंच. ‘सँड चेक करणे’ असं फोडलं असतं: सँड लॅब इनचार्ज उद्यापासून सात दिवस, दुपारी बारा ते आठ, दर दोन तासांनी मोल्डिंग मशीनच्या हॉपरखालची वाळू घेऊन मॉइश्चर काढतील आणि सकाळच्या आकड्याशेजारी लिहितील. हे वाचून लॅबवाला ‘रोज करतोय की’ म्हणू शकत नाही.

‘२० पीस ट्रायल’ला ना कर्ता, ना तारीख, ना कशाची ट्रायल. मुलीला विचारलं तर म्हणाली असती, नवीन बाइंडरची, पण ‘करून बघा’ कोणाला म्हटलं ते कळलं नाही. मग मोल्डिंगला फोन लावायचा. दोन फोन, पाच मिनिटं. बैठकीला नसलेल्या माणसाच्या नावावर काम टाकायचं असेल तर आधी त्याला फोन, नंतर कागद.

कागदाची मांडणी बोलण्याच्या क्रमानं करू नका. वरती कामं, त्याखाली निर्णय, मग न सुटलेले प्रश्न, सगळ्यात शेवटी माहिती. एक पान. आमच्या त्या बैठकीत निर्णय एकही झालेला नव्हता, तर तिथं ‘निर्णय नाही’ असं लिहायचं. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत सगळ्यांना, आणि ज्यांच्या नावावर काम आहे त्यांच्याकडून होकार घ्यायचा. गप्प बसला म्हणजे होकार असं धरू नका, लॅबवालाही गप्पच होता.

आणि ‘लायनिंग – नंतर बोलू’. ही ओळ टाईप करणाऱ्यानं सरळ गाळली होती, त्यात काही ठरलं नाही म्हणून. ती भट्टीच्या लायनिंगबद्दल होती. पुढच्या बैठकीच्या विषयांत ती पहिल्या क्रमांकावर यायला हवी होती. कोणाला आठवलीच नाही, आणि सप्टेंबरात आम्हाला भट्टी दोन दिवस बंद ठेवावी लागली. त्याची गोष्ट वेगळी आहे, चहाच्या वेळी विचारा. पानाची झेरॉक्स बाहेर टेबलावर ठेवलीय, ज्यांना हवी त्यांनी न्यावी.