कुठले दोन आकडे जुळायला हवेत?

नव्या अकाउंटंटला महिनाअखेरच्या बिलिंग क्लोजची हँडओव्हर नोट कशी लिहून द्यायची, हा आजचा विषय. तुम्ही सगळे छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे हिशोब बघणारे, त्यामुळे इनव्हॉइस म्हणजे काय इथून मी सुरू करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नोटमध्ये प्रत्येक पायरीपुढे कुठले दोन आकडे जुळायला हवेत ते लिहा. कुठलं बटण दाबायचं ते नवा माणूस दोन दिवसांत शोधून काढतो, पण काय जुळलं पाहिजे ते त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

हे मी का म्हणतोय ते सांगतो, जरा लांबेल. एका कंपनीत मी नवा लागलो तेव्हा आधीच्या माणसाने खूप मेहनतीने नोट लिहून ठेवली होती, प्रत्येक स्क्रीनचा फोटो वगैरे. त्यात एक पायरी होती: एक्सेलच्या शेड्यूलमधून या महिन्याची रक्कम घे, जर्नल एंट्री टाक, ट्रायल बॅलन्स टॅली होतो का बघ. मी तंतोतंत तसंच करत गेलो.

आता एक ग्राहक घ्या, आकडे सोपे करून सांगतो. १६ मार्चला त्याला वर्षाचं बिल केलं, ३६,५०० चं, म्हणजे दिवसाला १००. बिल पूर्ण वर्षाचं असलं तरी मार्चचं उत्पन्न १६ दिवसांचं, १,६००. उरलेले ३४,९०० डिफर्ड रेव्हेन्यू, म्हणजे आपल्यावर सेवेची देणेदारी, आणि शेड्यूल त्यातून दर महिन्याला तेवढ्या दिवसांचे पैसे उत्पन्नात सोडतं. इथवर ठीक.

१५ जूनला त्याने मोठा प्लॅन घेतला, दिवसाला २०० चा. तोवर ९१ दिवस वापरून झाले होते, २७४ उरले होते. बिलिंग सॉफ्टवेअरने जुन्या प्लॅनची २७,४०० ची क्रेडिट नोट काढली आणि नवं इनव्हॉइस ५४,८०० चं. मी दोन्ही डिफर्ड खात्यात टाकली, नव्या प्लॅनची ओळ शेड्यूलमध्ये वाढवली, आणि जुनी ओळ? ती बंद करायची हे नोटमध्ये नव्हतंच. (मागे माना हलताना दिसतायत, म्हणजे तुमच्याकडेही झालंय हे.) जुनी ओळ दिवसाला १०० सोडतच राहिली, नवी २०० सोडायला लागली, ग्राहक एकच. जूनमध्ये १,६०० जास्तीचं उत्पन्न आणि सप्टेंबरअखेर १०८ दिवसांचं मिळून १०,८००.

आणि ट्रायल बॅलन्स दर महिन्याला टॅली! होणारच, चुकीच्या एंट्रीतही डेबिट आणि क्रेडिट सारखंच असतं ना. ग्राहकाचं खातंसुद्धा बरोबर होतं, त्याने पैसे नीट भरले होते, तक्रार करणार कोण?

सापडलं ते ऑक्टोबरमध्ये, शेड्यूलमधल्या सगळ्या ओळींची उरलेली रक्कम आणि लेजरमधली डिफर्डची बाकी मी पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवली तेव्हा. शेड्यूल २७,४०० ने जास्त. जून, जुलै, ऑगस्ट काढून बघितले तर प्रत्येक महिन्याला तेवढाच फरक, कारण चुकीची रक्कम दोन्हीकडून सारखीच कमी होत होती. फरक असा एका आकड्यावर अडून बसला की त्याच रकमेची क्रेडिट नोट शोधायची, हे मला तिथे कळलं. जुनी ओळ १४ जूनला तोडली, १०,८०० उत्पन्नातून काढून परत डिफर्डला टाकले, आणि ते चालू महिन्यात केलं, बंद झालेले महिने उघडले नाहीत. रक्कम मोठी असती आणि आकडे बाहेर कोणाला दिलेले असते तर ऑडिटरला विचारल्याशिवाय मी हात लावला नसता.

म्हणून नोटमधलं वाक्य असं हवं: शेड्यूलमधलं उरलेलं बरोबर लेजरची डिफर्ड बाकी, नाहीतर महिना बंद करायचा नाही.

दहा मिनिटंच राहिली म्हणतायत, तर बाकीचा क्रम भरभर सांगतो. आधी टाइमशीट आणि वापराचे आकडे गोठवा, मग इनव्हॉइस, मग क्रेडिट नोट आणि प्रत्येक क्रेडिट नोटमागे शेड्यूलची कुठली ओळ तोडली ते, मग बँकेत आलेले पैसे इनव्हॉइसला लावणं. बिलिंग सॉफ्टवेअरमधलं एकूण येणं लेजरमधल्या येण्याशी जुळलं पाहिजे. काम झालंय पण बिल पुढच्या महिन्यात जाणार असेल तर ती रक्कम अनबिल्ड म्हणून या महिन्यात घ्या आणि १ तारखेला उलटी एंट्री टाका, ती राहिली तर बिल गेल्यावर तेच उत्पन्न दोनदा येतं. मग डिफर्डचा मेळ, जो मी एवढा वेळ सांगितला, आणि शेवटी पीरियड लॉक.

लॉकनंतर सेल्सने कितीही मागितलं तरी जुन्या तारखेचं बिल निघणार नाही, आणि नोटमधल्या या ओळीखाली मालकाची सही घ्या, कारण नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात सेल्सला नाही म्हणणं जड जातं.