बोनसचा शेअर यादीच्या तळाला का जातो?

नमस्कार मंडळी! दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावरून, फटफटींच्या आवाजासकट. आरओसीवर, म्हणजे ठराविक काळात भाव किती टक्के बदलला त्या आकड्यावर, व्हिडिओ करा म्हणून महिनाभर मागे लागलाय, तर घ्या. सूत्र एका ओळीचं आहे, शीटमध्ये टाका:

```
=(B2/C2-1)*100
```

B2 मध्ये आजचा बंद भाव, C2 मध्ये 126 ट्रेडिंग दिवसांपूर्वीचा, म्हणजे साधारण सहा महिन्यांपूर्वीचा. वॉचलिस्टमधल्या वीसही शेअर्सचा आकडा काढायचा, मोठ्याकडून लहानाकडे लावायचं आणि वरचे चार घ्यायचे. झालं.

आता खरी भानगड C2 मधल्या जुन्या भावाची. माझ्याच शीटमधला प्रकार सांगतो. एका शेअरचा जुना भाव 1200, आजचा 690. आरओसी उणे 42.5, यादीत विसावा. मी म्हटलं, गेला बिचारा. सासऱ्यांकडे तोच शेअर होता. शेव-उसळ खाता खाता ते म्हणाले, "अहो, माझे तर दुप्पट झाले!" मधल्या काळात 1:1 बोनस लागला होता, एका शेअरवर एक फुकट. म्हणजे 1200 चे 600 धरायला हवे होते, आणि 600 वरून 690 म्हणजे अधिक 15 टक्के. माझा चौथा शेअर 12 वर होता. आत यायला हवा तो शेअर मी तळाला टाकला होता.

सूत्र बरोबर होतं. जुना भाव मी पूर्वी कधीतरी उतरवून ठेवलेला आणि रोजचा भाव खाली जोडत गेलेलो. एनएसईची जुनी भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइलही तशीच असते, त्या दिवशीचा भाव त्या दिवशीसारखा. रिलायन्सचा 1:1 बोनस 28 ऑक्टोबर 2024 ला लागला. त्याआधीचे भाव निम्मे न करता आरओसी काढलात, तर हेच होणार.

यातली वाईट गोष्ट अशी, की ही चूक 126 दिवस गप्प बसते. मग बोनसची तारीख खिडकीबाहेर जाते आणि शेअर एका रात्रीत यादीत वर उडी मारतो. लोक त्याला ब्रेकआउट समजतात!

एका दर्शकाने लिहिलंय, "भाऊ, गणित नको, नावं सांगा." नावं नाही सांगणार. दुसऱ्याने मात्र 1:2 बोनसलाही भाव निम्मे केले. अहो, 1:2 बोनस म्हणजे दोनावर एक फुकट, दोनाचे तीन होतात. म्हणून जुन्या भावाला दोन-तृतीयांशाने गुणायचं, 900 चे 600. दर्शनी मूल्य 10 चं 2 केलं असेल, तर मात्र पाचाने भागायचं.

आणि ओळखायचं कसं? ज्याला 20 टक्क्यांचं सर्किट आहे, तो शेअर एका दिवसात 50 टक्के पडूच शकत नाही. म्हणून रँक लावण्याआधी रोजच्या बदलाचा एक कॉलम करा आणि 20 पेक्षा मोठी पडझड दिसली, की आधी कॉर्पोरेट अ‍ॅक्शनचं पान उघडा. फ्युचर्समधल्या शेअर्सना ठरलेलं सर्किट नसतं, तिथे बातमीही बघावी लागते.